दोन आरसी टप्पे आणि एक स्विच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका टप्प्याचं आरसी सर्किट बहुतेकांना जमतं. त्याच्यामागे दुसरा रेझिस्टर आणि दुसरा कपॅसिटर जोडला की प्रश्न यायला लागतात, आणि ते साधारण तेच तेच असतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं एकाच सर्किटवर दिली आहेत. मुद्दाम घड्याळ बघून मोजता येतील अशा किमती घेतल्या आहेत, म्हणजे वाचताना ब्रेडबोर्डवर पडताळूनही पाहता येईल.

१. कोणतं सर्किट धरायचं?

१० व्होल्टचा डीसी सप्लाय आणि तीन स्थितींचा टॉगल स्विच घ्या. दुकानात 'ऑन-ऑफ-ऑन' म्हणून मागितला की मिळतो. स्विचच्या मधल्या पिनपासून R1, पुढे C1 ग्राउंडला. त्याच जोडापासून R2, आणि त्याच्या पुढे C2 ग्राउंडला. दोन्ही रेझिस्टर १० किलोओहमचे, दोन्ही कपॅसिटर १०० मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलिटिक, २५ व्होल्ट रेटिंगचे. इलेक्ट्रोलिटिक असल्यामुळे त्यांची ऋण बाजू ग्राउंडलाच हवी.

C1 वरच्या व्होल्टेजला v1 आणि C2 वरच्या व्होल्टेजला v2 म्हणू. स्विचच्या तीन स्थिती अशा: 'क' म्हणजे R1 सप्लायला जोडलेला, 'ख' म्हणजे मधली, कुठेच न जोडलेली, आणि 'ग' म्हणजे R1 ग्राउंडला जोडलेला. किलोओहम गुणिले मायक्रोफॅरड म्हणजे मिलिसेकंद, हे लक्षात ठेवलं की शून्यं मोजत बसावं लागत नाही: १० × १०० = १००० मिलिसेकंद, म्हणजे १ सेकंद.

२. R1C1 एक सेकंद, R2C2 पण एक सेकंद. मग दोन्ही टाइम कॉन्स्टंट १ सेकंदच ना?

नाही. या विषयातला सगळा गोंधळ या एका समजुतीतून निघतो. स्विच 'क' वर असताना या सर्किटचे टाइम कॉन्स्टंट २.६१८ सेकंद आणि ०.३८२ सेकंद आहेत. कुठेही १ सेकंद नाही.

कारण असं. R1 मधून येणारा प्रवाह फक्त C1 ला मिळत नाही. C1 वर थोडं व्होल्टेज आलं की R2 मधून C2 कडे प्रवाह सुरू होतो आणि तेवढा C1 चा वाटा कमी होतो. दुसरा टप्पा पहिल्यावर भार टाकतो. म्हणून v1 कसा वाढेल हे v2 वर अवलंबून असतं आणि v2 कसा वाढेल हे v1 वर. अशा वेळी 'हा टाइम कॉन्स्टंट पहिल्या टप्प्याचा, तो दुसऱ्याचा' अशी वाटणी करता येत नाही. दोन्ही टाइम कॉन्स्टंट अख्ख्या सर्किटचे असतात, आणि v1 मध्येही दोन्ही दिसतात, v2 मध्येही दोन्ही.

R1C1 आणि R2C2 हे आकडे निरुपयोगी नाहीत. त्यांच्यातूनच खरे टाइम कॉन्स्टंट काढायचे असतात.

३. मग खरे टाइम कॉन्स्टंट काढायचे कसे?

दोन्ही जोडांवर प्रवाहाचा हिशोब मांडा. जोडात आलेला प्रवाह बाहेर गेलेल्या प्रवाहाइतका:

```
(V - v1)/R1  = C1·dv1/dt + (v1 - v2)/R2
(v1 - v2)/R2 = C2·dv2/dt
```

दुसऱ्या ओळीतून v1 = v2 + R2C2·dv2/dt मिळतं. ते पहिल्या ओळीत घातलं की फक्त v2 उरतो:

```
b·v2'' + a·v2' + v2 = V
a = R1C1 + R2C2 + R1C2
b = R1C1·R2C2
```

a मधलं तिसरं पद, R1C2, नीट बघा. R1 पहिल्या टप्प्यातला आणि C2 दुसऱ्या टप्प्यातला. दोन टप्पे एकमेकांना बांधले गेले आहेत ते या पदानं. परीक्षेत हेच पद विसरलं जातं आणि मग उत्तर १ सेकंदावर येऊन थांबतं.

पुढे वर्गसमीकरण सोडवण्यापेक्षा सोपी वाट आहे: दोन टाइम कॉन्स्टंटची बेरीज a असते आणि गुणाकार b असतो. आपल्या सर्किटमध्ये a = १ + १ + १ = ३ सेकंद आणि b = १. ज्या दोन संख्यांची बेरीज ३ आणि गुणाकार १, त्या (३ ± √५)/२, म्हणजे २.६१८ आणि ०.३८२. उत्तर आल्यावर बेरीज-गुणाकार पुन्हा करून बघायला अर्धं मिनिटही लागत नाही.

४. टाइम कॉन्स्टंट मिळाले. आता v1 आणि v2 ची पूर्ण समीकरणं कशी लिहायची?

दोन्ही कपॅसिटर रिकामे आहेत आणि t = 0 ला स्विच 'क' वर टाकला असं धरू. खूप वेळानं C2 १० व्होल्टला पोचणार, म्हणून v2 चं रूप असं:

```
v2 = 10 + A·e^(-t/2.618) + B·e^(-t/0.382)
```

A आणि B साठी दोन अटी हव्यात. पहिली सगळे लिहितात: सुरुवातीला v2 = 0, म्हणून A + B = −१०. दुसरी अट शोधताना बरेच जण अडतात. ती v2 च्या चढाची आहे. C2 मधला प्रवाह (v1 − v2)/R2 आहे, आणि t = 0 ला v1 आणि v2 दोन्ही शून्य, म्हणून प्रवाह शून्य, म्हणून चढही शून्य. म्हणजे A/२.६१८ + B/०.३८२ = 0. दोन्ही सोडवून A = −११.७०८ आणि B = +१.७०८.

v1 साठी वेगळं काही सोडवायचं नाही. प्रश्न ३ मधलं v1 = v2 + R2C2·dv2/dt वापरा:

```
v2 = 10 - 11.708·e^(-t/2.618) + 1.708·e^(-t/0.382)
v1 = 10 -  7.236·e^(-t/2.618) - 2.764·e^(-t/0.382)
```

तपासणीसाठी v1 चा सुरुवातीचा चढ काढा: ७.२३६/२.६१८ + २.७६४/०.३८२ = १० व्होल्ट प्रति सेकंद. रिकाम्या C1 ला पहिल्या क्षणी R1 मधून १ मिलिअँपिअर मिळतो. १ मिलिअँपिअर भागिले १०० मायक्रोफॅरड म्हणजे १० व्होल्ट प्रति सेकंद. जुळलं.

यातून आलेले आकडे, पुढच्या उत्तरांत लागतील म्हणून:

| वेळ (सेकंद) | v1 (व्होल्ट) | v2 (व्होल्ट) |
|---|---|---|
| ०.५ | ३.२८ | ०.७९ |
| १ | ४.८६ | २.१३ |
| २ | ६.६१ | ४.५६ |
| ३ | ७.७० | ६.२८ |
| ५ | ८.९३ | ८.२७ |

१ सेकंदाची ओळ बघा. C1 एकटा असता तर v1 तेव्हा ६.३२ व्होल्ट असता. दुसऱ्या टप्प्याच्या भारामुळे तो ४.८६ आहे. हा फरक साध्या मल्टीमीटरवरही स्पष्ट दिसतो.

५. v2 च्या समीकरणात एक पद अधिक आणि एक उणे कसं? माझ्या उत्तरात दोन्ही उणे आलेत.

तुम्ही बहुधा चढाच्या अटीऐवजी −१० चे दोन समान भाग केलेत. रिकाम्या कपॅसिटरपासून सुरुवात असेल तर v2 मधल्या जलद पदाचं चिन्ह संथ पदाच्या उलटच यायला हवं.

भौतिक अर्थ असा. v2 चा आलेख सुरुवातीला आडवा निघतो, मग वळून वर जातो आणि शेवटी पुन्हा आडवा होतो. एकच एक्स्पोनेन्शियल कधीच आडवा सुरू होत नाही, त्याचा सर्वांत मोठा चढ सुरुवातीलाच असतो. तो चढ पहिल्या क्षणी खोडून काढायचं काम जलद पद करतं. ०.३८२ सेकंदाचं पद दीड-दोन सेकंदांत नाहीसं होतं आणि मागे फक्त संथ पद उरतं. C2 ला प्रवाह मिळण्याआधी C1 वर व्होल्टेज यावं लागतं, त्या उशिराचं हे गणितातलं रूप.

v1 मध्ये मात्र दोन्ही पदं उणे असतात. त्याचा आलेख पहिल्या क्षणापासून चढतो.

६. पाच टाइम कॉन्स्टंटमध्ये पूर्ण चार्ज होतो म्हणतात. इथे पाच कशाचे धरायचे?

मोठ्याचे. ५ × २.६१८ म्हणजे सुमारे १३ सेकंद. काटेकोर पाहिलं तर v2 ९.९ व्होल्टला १२.५ सेकंदांनी पोचतो. १ सेकंदाचे पाच धरून ५ सेकंदांना थांबलात तर v2 ८.२७ व्होल्टच असेल.

अंदाजासाठी आणखी एक सोय आहे. प्रश्न ३ मधला a, म्हणजे दोन टाइम कॉन्स्टंटची बेरीज, हा सर्किटचा एकूण उशीर सांगतो. डब्ल्यू. सी. एलमोर यांनी १९४८ साली ही कल्पना मांडली आणि पुढे चिपमधल्या तारांचा उशीर मोजायला ती सर्रास वापरली गेली. आपल्या सर्किटमध्ये a = ३ सेकंद, आणि v2 ६३ टक्क्यांना ३.०३ सेकंदांनी पोचतो. घातांक न काढता मिळालेल्या उत्तराला ही जवळीक खूप झाली. पण ही जवळीक v2 पुरतीच आहे, v1 ला a लावू नका.

७. ३ सेकंदांनी स्विच मधे आणला. सप्लाय तुटला तरी v2 वाढतच गेला. मीटर खराब आहे का?

मीटर बरोबर आहे. स्विच 'ख' वर आला त्या क्षणी v1 = ७.७० आणि v2 = ६.२८ आहे. सप्लाय गेला, पण R2 च्या दोन टोकांमध्ये १.४२ व्होल्टचा फरक अजून आहे. त्यामुळे C1 मधला चार्ज C2 कडे वाहत राहतो. तळाशी नळीनं जोडलेल्या दोन टाक्यांत नळ बंद केल्यावरही पाणी एका पातळीला येईपर्यंत वाहतं, तसंच. v1 उतरतो, v2 चढतो, आणि दोघं मधे भेटतात.

कुठे भेटतात ते एकूण चार्ज ठरवतो, कारण बाहेर जायला त्याला वाट नाही:

```
Vf = (C1·v1 + C2·v2)/(C1 + C2)
```

इथे कपॅसिटर सारखे आहेत, म्हणून सरळ सरासरी, ६.९९ व्होल्ट. त्या दिशेनं जाण्याचा टाइम कॉन्स्टंटही आता वेगळा आहे. चार्ज C1 मधून निघून R2 मधून C2 मध्ये जातो, म्हणजे दोन कपॅसिटर एकमेकांच्या सिरीजमध्ये आहेत. सिरीजमध्ये ५० मायक्रोफॅरड, गुणिले १० किलोओहम, म्हणजे ०.५ सेकंद. स्विच हलवल्यापासूनची वेळ t' धरली तर:

```
v1 = 6.99 + 0.71·e^(-t'/0.5)
v2 = 6.99 - 0.71·e^(-t'/0.5)
```

म्हणजे ३ सेकंदांना स्विच उघडल्यावर अडीच सेकंदांत v2 ६.२८ वरून जवळजवळ ६.९८ ला जातो. 'स्विच उघडला, आता व्होल्टेज आहे तिथेच थांबेल' असं धरून पुढचा हिशोब केला तर सुमारे ०.७ व्होल्टची चूक राहते.

दुसरा टाइम कॉन्स्टंट कुठे गेला, असाही प्रश्न येतो. तो अनंत झाला. चार्जला बाहेर वाट नसल्यामुळे दोघांचं सामाईक व्होल्टेज कागदावर कायम राहतं. प्रत्यक्षात कपॅसिटरची गळती असते आणि मीटरही असतो. १० मेगाओहमच्या मीटरसोबत २०० मायक्रोफॅरडचा टाइम कॉन्स्टंट २००० सेकंद होतो, म्हणजे मीटर लावून ठेवला तर त्याच्यामुळेच २० सेकंदांत एक टक्का उतार दिसेल.

८. शेवटचं व्होल्टेज ऊर्जेच्या अक्षय्यतेनं काढलं तर ७.०२ आलं. तेही चालेल ना?

चालणार नाही. जवळचं उत्तर आलं ते या आकड्यांमुळे. दोन कपॅसिटर समान पातळीला येताना R2 मध्ये ऊर्जा उष्णता होऊन जाते. टिकतो तो चार्ज. इथे सुरुवातीचा फरक फक्त १.४२ व्होल्ट होता, म्हणून गेलेली ऊर्जा एकूण ४.९३ मिलिजूलपैकी ०.०५ इतकीच होती आणि चूक लपली. फरक मोठा असला की ती उघडी पडते. प्रश्न १४ मधल्या प्रसंगात ऊर्जेनं काढलेलं उत्तर ४.९४ व्होल्ट येईल, खरं उत्तर ३.४९ आहे.

९. ३ सेकंदांनी स्विच मधे न थांबवता थेट ग्राउंडकडे टाकला तर? चार्जिंगचीच समीकरणं उलटी करायची का?

टाइम कॉन्स्टंट तेच राहतील, समीकरणं उलटी करून चालणार नाहीत.

टाइम कॉन्स्टंट तेच, कारण आदर्श सप्लायचा अंतर्गत रोध शून्य असतो. R1 चं टोक १० व्होल्टला बांधा की ० व्होल्टला, कपॅसिटरांना दिसणारं जाळं सारखंच. पण 'उलटी' समीकरणं फक्त तेव्हा लागू होतात जेव्हा दोन्ही कपॅसिटर सुरुवातीला सारख्याच व्होल्टेजला असतात. इथे ते ७.७० आणि ६.२८ आहेत.

पुन्हा दोन अटी मांडायच्या. स्विच बदलताना कपॅसिटरचं व्होल्टेज उडी मारत नाही, म्हणून v2 = ६.२८. v2 चा चढ (v1 − v2)/(R2C2), म्हणजे +१.४२ व्होल्ट प्रति सेकंद. अंतिम व्होल्टेज शून्य. यातून:

```
v2 = 7.985·e^(-t'/2.618) - 1.707·e^(-t'/0.382)
```

चढ अधिक आहे हे परत बघा. R1 ग्राउंडला जोडल्यानंतरही v2 आधी वाढतो. C1 अजून C2 पेक्षा वर आहे, त्यामुळे R2 मधला प्रवाह पुढच्याच दिशेनं चालू असतो. सुमारे ०.१७ सेकंदांनी v2 ६.३९ व्होल्टला टेकतो, तिथे v1 आणि v2 समान होतात, आणि मग उतार सुरू होतो. मल्टीमीटरला ही ०.११ व्होल्टची टेकडी पकडता येत नाही, त्याचा आकडा तेवढ्या वेगानं बदलत नाही. ऑसिलोस्कोप लावला की ती सरळ दिसते.

स्विचच्या कोणत्याही गणितात क्रम हाच ठेवा: बदलाच्या क्षणी दोन्ही कपॅसिटरांची व्होल्टेज काढा, नव्या जाळ्याचे टाइम कॉन्स्टंट काढा, नवी अंतिम व्होल्टेज काढा, मग अटी लावा. मागच्या टप्प्यातून पुढे फक्त कपॅसिटरची व्होल्टेज न्यायची. प्रवाह न्यायचे नाहीत. R1 मधला प्रवाह स्विच बदलताच ०.२३ मिलिअँपिअर आत येण्यावरून ०.७७ मिलिअँपिअर बाहेर जाण्यावर उडी मारतो.

१०. दोन टप्पे वेगवेगळे धरून गणित केलं तर कधी चालतं?

दोन परिस्थितींत. पहिली, मधे बफर असेल तेव्हा. C1 आणि R2 यांच्यामध्ये ऑप-अँपचा व्होल्टेज फॉलोअर टाकला की R1C2 पद नाहीसं होतं आणि दोन्ही टाइम कॉन्स्टंट खरोखर १ सेकंद होतात. तेव्हा v2 = 10·[1 − (1 + t)·e^(−t)], आणि १ सेकंदाला २.६४ व्होल्ट मिळतात, २.१३ नाही. LM358 वापरत असाल तर त्याला १५ व्होल्टचा सप्लाय द्या. १० व्होल्टच्या सप्लायवर त्याचं आउटपुट सुमारे साडेआठ व्होल्टच्या वर जात नाही आणि आलेख वरून कापला जातो.

दुसरी, R1C2 हे पद बाकीच्या दोन पदांच्या तुलनेत फार लहान असेल तेव्हा. R1 = १ किलोओहम, C1 = १०० मायक्रोफॅरड, R2 = १०० किलोओहम, C2 = १ मायक्रोफॅरड घ्या. दोन्ही टप्पे ०.१ सेकंदाचे, आणि R1C2 फक्त ०.००१. इथे एक गोष्ट लोकांना बुचकळ्यात टाकते: टाइम कॉन्स्टंट काढले तर ०.१११ आणि ०.०९० येतात, म्हणजे ०.१ पासून दहा टक्के दूर. पण v2 चा आलेख मात्र बफरवाल्याच्या जवळजवळ अंगावर बसतो. १० व्होल्टच्या सप्लायवर ०.१ सेकंदाला दोघांत ६ मिलिव्होल्टचाच फरक असतो. एक टाइम कॉन्स्टंट जेवढा वाढला तेवढा दुसरा घटला आणि परिणाम एकमेकांत जिरला. तेव्हा टाइम कॉन्स्टंट बदलले म्हणून घाबरू नका, v2 काढून तुलना करा.

११. एक टप्पा जलद आणि एक संथ असेल तर? आणि क्रमानं फरक पडतो का?

क्रमानं बराच फरक पडतो. दोन्ही कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचे घ्या, एक रेझिस्टर १ किलोओहम, दुसरा १०० किलोओहम.

लहान रेझिस्टर आधी असेल तर a = ०.०१ + १ + ०.०१ = १.०२ आणि b = ०.०१, म्हणून टाइम कॉन्स्टंट १.०१ सेकंद आणि ९.९ मिलिसेकंद. हे गणिताशिवायही दिसतं: C1 झटक्यात भरतो, मग C2 निवांतपणे (R1 + R2)·C2, म्हणजे १.०१ सेकंदानं भरत राहतो.

मोठा रेझिस्टर आधी असेल तर R1C2 एकदम १ सेकंद होतो. a = २.०१, b तेवढाच, आणि टाइम कॉन्स्टंट २.००५ सेकंद व ५ मिलिसेकंद. इथे R2 इतका लहान आहे की दोन्ही कपॅसिटर जवळजवळ समांतर जोडल्यासारखे वागतात. १०० किलोओहम गुणिले २० मायक्रोफॅरड म्हणजे २ सेकंद. आणि ५ मिलिसेकंद हा दोघांनी आपसांत पातळी मिळवण्याचा वेळ, प्रश्न ७ मधल्या ०.५ सेकंदासारखाच.

सुटे भाग तेच, फक्त जागा बदलल्या, आणि संथ टाइम कॉन्स्टंट दुप्पट झाला. टाइम कॉन्स्टंट एकमेकांपासून इतके दूर असतील तर आधी अशा ढोबळ चित्रानं उत्तराचा अंदाज घ्या. नंतर काटेकोर गणितात चूक झाली तर लगेच कळते.

१२. दोन कपॅसिटर आहेत, समीकरण दुसऱ्या क्रमाचं आहे. मग व्होल्टेज १० च्या वर जाऊन झुलेल का?

नाही. a² − 4b नेहमी धन असतं, कारण (R1C1 + R2C2)² कधीच 4·R1C1·R2C2 पेक्षा लहान नसतं आणि a मध्ये त्यावर R1C2 ची भर असते. म्हणून दोन्ही टाइम कॉन्स्टंट वास्तव येतात आणि एकमेकांपेक्षा वेगळे येतात. रेझिस्टर आणि कपॅसिटर एवढेच भाग असताना झुलणारं उत्तर आलं, तर वर्गमुळाखालच्या चिन्हात चूक आहे. स्कोपवर खरोखर झुलणारी लहर दिसली तर लांब तारा किंवा प्रोबची ग्राउंड क्लिप तपासा.

रिकाम्या कपॅसिटरपासून सुरुवात केली तर v2 कुठे वळूनही येत नाही, सरळ चढतो. प्रश्न ९ मधली टेकडी आली ती दोन कपॅसिटर वेगवेगळ्या व्होल्टेजला असताना स्विच टाकल्यामुळे.

१३. प्रयोगातल्या रीडिंगवरून दोन्ही टाइम कॉन्स्टंट वेगळे कसे काढायचे? आणि ते गणिताशी जुळले नाहीत तर?

शेपटीपासून सुरुवात करा. जलद पद संपल्यावर १० − v2 मध्ये फक्त संथ पद उरतं. आपल्या तक्त्यात ३ सेकंदांना १० − v2 = ३.७२ आणि ५ सेकंदांना १.७३ आहे. भागाकार २.१५, त्याचा नैसर्गिक लॉग ०.७६५, आणि २ सेकंद भागिले ०.७६५ म्हणजे २.६१. संथ टाइम कॉन्स्टंट मिळाला.

आता ही संथ रेषा मागे t = 0 पर्यंत न्या. तिथे ती १० वर न येता ११.७ वर येते. हे जास्तीचे १.७ व्होल्ट म्हणजे जलद पद. सुरुवातीच्या रीडिंगमधून संथ पद वजा केलं की जे उरतं त्याला तीच रीत लावायची. मात्र ०.३८२ सेकंदाचं पद हातानं घड्याळ बघत नोंदवलेल्या आकड्यांतून नीट निघत नाही. फोनवर मीटरचा आणि स्विचचा व्हिडिओ काढून तो हळू चालवला तर थोडं बरं, स्कोप असेल तर उत्तम.

जुळलं नाही तर पहिला संशय कपॅसिटरवर घ्या. इलेक्ट्रोलिटिकची सहनमर्यादा सर्वसाधारणपणे अधिक-उणे २० टक्के असते. दोन्ही २० टक्के जास्त निघाले तर संथ टाइम कॉन्स्टंट ३.१४ सेकंद होतो. कपॅसिटन्स मोजणारा मीटर असेल तर आधी दोन्ही मोजून त्याच किमती a आणि b मध्ये घाला. मीटरच्या भाराचा दोष इथे नगण्य आहे: १० मेगाओहमच्या मीटरनं v2 चं अंतिम व्होल्टेज जेमतेम २० मिलिव्होल्टनी उतरतं. रेझिस्टर मेगाओहममध्ये घेतलेत तर मात्र तोच मीटर सगळं बिघडवतो.

संथ टाइम कॉन्स्टंट बरोबर आला पण सुरुवातीची रीडिंग सतत जास्त येत असतील, तर कपॅसिटर पूर्ण रिकामे नव्हते. त्यासाठी पुढचा प्रश्न.

१४. प्रयोग पुन्हा करण्याआधी C1 शॉर्ट करून रिकामा केला. तार काढल्यावर त्यावर पुन्हा व्होल्टेज आलं. कुठून?

C2 मधून. दोन्ही कपॅसिटर ६.९९ व्होल्टला आहेत आणि स्विच 'ख' वर आहे असं धरा. C1 क्षणभर शॉर्ट केला, तो शून्यावर आला. तेवढ्या वेळात R2 मधून C2 चा फारसा चार्ज गेला नाही, तो अजून ६.९९ ला आहे. तार काढताच प्रश्न ७ मधला प्रकार उलट्या दिशेनं होतो: C2 मधून C1 कडे चार्ज येतो आणि ०.५ सेकंदाच्या टाइम कॉन्स्टंटनं दोघं ३.४९ व्होल्टला येतात.

तार एक सेकंद धरून ठेवली तर C2 त्या वेळात R2 मधून R2C2 = १ सेकंदानं उतरतो. C1 शॉर्ट असेपर्यंत त्याचं व्होल्टेज शून्यावर बांधलेलं असतं, म्हणून या एका स्थितीत मात्र दुसऱ्या टप्प्याचा स्वतःचा टाइम कॉन्स्टंट जसाच्या तसा लागू होतो.

रिकामं करायचं तर १०० ओहमचा रेझिस्टर C1 वर आणि तसाच एक C2 वर काही सेकंद धरा, मग दोन्हीकडे मीटर लावून बघा. थेट तारेनं शॉर्ट केल्यावर ठिणगी पडते आणि स्विचचे किंवा ब्रेडबोर्डचे संपर्क खराब होतात. त्यानंतरही काही मिनिटांनी थोडंसं व्होल्टेज परत आलेलं दिसेल. तो इलेक्ट्रोलिटिकच्या डायइलेक्ट्रिकचा गुण आहे, त्यात शोषलेला चार्ज हळूहळू सुटतो. त्यासाठी रेझिस्टर लावूनच ठेवा आणि प्रयोग सुरू करण्याच्या आधी काढा.

१५. हे सगळं ngspice मध्ये तपासता येईल का?

हो. चार्जिंगचा भाग एवढ्यात होतो:

```
* two stage RC
V1 in 0 DC 10
R1 in a 10k
C1 a 0 100u IC=0
R2 a b 10k
C2 b 0 100u IC=0
.tran 10m 15 UIC
.meas tran va FIND v(a) AT=1
.meas tran vb FIND v(b) AT=1
.end
```

va ४.८६ आणि vb २.१३ च्या आसपास यायला हवं. UIC विसरलात तर प्रोग्राम आधी डीसी स्थिती काढतो, दोन्ही कपॅसिटर १० व्होल्टला भरलेले धरतो आणि आलेख सरळ आडवा येतो. प्रश्न ९ तपासायचा असेल तर V1 ची किंमत 0 करा आणि C1 ला IC=7.698, C2 ला IC=6.278 द्या. प्रश्न ७ साठी IC च्या याच किमती ठेवा आणि V1 आणि R1 च्या दोन्ही ओळी काढून टाका. मग जोड a आणि b पासून ग्राउंडपर्यंत डीसी वाट उरत नाही. त्यावर तक्रार आली तर a पासून ग्राउंडला 1G चा रेझिस्टर टाका, उत्तरात फरक दिसणार नाही.